वरची पट्टी

आरएनए फार नाजूक असतो, हे खरं आहे. माणसाच्या घामात, थुंकीत, बोटांच्या टोकांवर त्याला खाऊन टाकणारी विकरं, म्हणजे एन्झाइमं, असतात, आणि नुसतं बोट लागलं तरी सकाळभराची मेहनत पाण्यात जाते. म्हणून हातमोजे, भट्टीत भाजलेली काचेची भांडी, वेगळं पाणी. हे सगळं मला मान्य होतं आणि आजही आहे. मला किळस आली ती त्या निमित्ताने आमच्या प्रयोगशाळेत जे सोवळं-ओवळं चालायचं त्याची.

परळमधल्या एका संशोधन संस्थेत मी पीएचडी करत होते. गिरण्यांच्या संपाला तोपर्यंत बरीच वर्षं झाली होती. संप झाला तेव्हा मी शाळेत होते. वडील विणकर, चार महिन्यांत सगळं सुरळीत होईल असं सांगणाऱ्यांपैकी. गिरणी पुन्हा काही त्यांच्यासाठी उघडली नाही. मग आईने सुकी मासळी विकायला घेतली. कॉटन ग्रीनच्या गोदामांमागे एक कोळीण घाऊक माल द्यायची, तिच्याकडून आई सुकट, बोंबील, बांगडे आणायची आणि लालबागला फुटपाथवर गोणपाट अंथरून बसायची. उरलेला माल आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत, माझ्या पुस्तकांच्या कपाटाखाली. त्या सुकटीवर मी बीएस्सी झाले, एमएस्सी झाले, आणि शिष्यवृत्ती मिळवून त्या संस्थेत शिरले. घरात नियमित येणारी रक्कम तेवढीच, ती शिष्यवृत्ती.

आमचे सर गिरगावातले. अभ्यास दांडगा, इंग्रजी स्वच्छ, शर्टाची घडी मोडलेली कधी दिसायची नाही. आरएनएच्या खोलीला ते हसत हसत 'देवघर' म्हणायचे. पहिल्याच महिन्यात त्यांना आईचा धंदा कळला. कोणी सांगितलं माहीत नाही, पण असल्या गोष्टींना पाय असतात. त्यानंतर मला देवघराबाहेर, कॉरिडॉरमध्ये, भांडी वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हच्या शेजारी टेबल मिळालं. बाकीचे एकदा हात धुवायचे, मी सरांसमोर नाहीतर आमच्या सिनियरसमोर दोनदा धुवायचे, वर स्पिरिट, वर दोन जोड हातमोजे. "Nothing personal," सर म्हणायचे. दुपारी समोरच्या हॉटेलातून त्यांच्यासाठी सुरमईची तळलेली तुकडी यायची, ती ते चवीने खायचे आणि रुमालाला बोटं पुसून थेट देवघरात जायचे. मासा हॉटेलातून आला की जेवण, माझ्या घरून आला की वास.

आईला मी हे सांगितलं तेव्हा ती बोंबील निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मगे तेका इचार, तो जेवता तो मासो काय आंघूळ करून येता?" मी हसले नाही. माझ्या हातांची कातडी तेव्हा सोलवटायला लागली होती.

कामाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. तोंडाच्या कर्करोगाच्या गाठींमध्ये एका प्रथिनाचं काय होतं, हे आम्ही पाहत होतो. हे प्रथिन पेशींना आजूबाजूच्या जाळीत धरून ठेवतं. त्याचा जीन एकच. पण जीन म्हणजे सलग मजकूर नव्हे. त्यात कामाचे तुकडे असतात, त्यांना एक्सॉन म्हणतात, आणि मधे मधे लांबच लांब इंट्रॉन, जे प्रथिनात उतरत नाहीत. पेशी आधी सगळ्याची आरएनए नक्कल काढते. मग छोटे आरएनए आणि पुष्कळ प्रथिनं मिळून एक यंत्र त्या नकलेवर जुळतं, त्याला स्प्लायसोसोम म्हणतात. ते काही तयार उभं नसतं, दर इंट्रॉनवर नव्याने जुळावं लागतं. इंट्रॉनच्या दोन टोकांवरच्या खुणा ते ओळखतं, इंट्रॉनचा फास करून तो कापून टाकतं आणि दोन्ही बाजूंचे एक्सॉन जोडतं.

आता गंमत अशी, की सगळ्या खुणा सारख्या ठळक नसतात. एखाद्या एक्सॉनच्या कडेची खूण पुसट असते. पेशीत मदतनीस प्रथिनं असली तर यंत्राला ती दिसते आणि तो एक्सॉन आत राहतो. नसली, किंवा उलट अडवणारी प्रथिनं असली, तर यंत्र त्याच्यावरून उडी मारून पुढचा एक्सॉन पकडतं, आणि मधला बिचारा आजूबाजूच्या दोन इंट्रॉनांसकट फेकला जातो. जीन तोच, पण यकृतात एक प्रथिन आणि गाठीत दुसरं. असे उडी मारण्याजोगे एक्सॉन दोनचार असले तर एका जीनमधून कितीतरी निरनिराळी प्रथिनं निघतात. घरी वडिलांना समजावलं तेव्हा मी म्हटलं, एका बाजाराच्या पिशवीतून सोमवारी एक जेवण, पाहुणे आले की दुसरं. वडिलांनी विचारलं, "आणि ठरवतो कोण?" बरोबर प्रश्न होता. तोच माझा विषय होता.

मी गाठीतून, आणि तुलनेसाठी निरोगी यकृतातून, आरएनए काढायचे, त्याची उलटी डीएनए प्रत करायचे, मग त्या मधल्या एक्सॉनच्या अलीकडे नि पलीकडे बसणारे प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, टाकून तेवढा भाग वाढवायचे आणि विजेच्या प्रवाहाने जेलमधून पळवायचे. अतिनील दिव्याखाली जेल धरलं की नारिंगी पट्ट्या चमकतात. लांब तुकडा वर राहतो, आखूड खाली धावतो. यकृताच्या रकान्यात एकच पट्टी यायची, खालची, पुस्तकात दिलेल्या लांबीची. गाठीच्या रकान्यात दोन यायच्या. खालची तीच, आणि तिच्या थोडी वर आणखी एक, अगदी रेखीव.

सरांनी पहिल्यांदा ती बघितली आणि नाक आक्रसलं. "डीएनए contamination," ते म्हणाले. आरएनएत अख्खा डीएनए मिसळला तर इंट्रॉनसकट लांब तुकडा वाढतो, म्हणून वर पट्टी, असा त्यांचा हिशेब. ऐकायला पटतं. फक्त ते दोन इंट्रॉन इतके लांबलचक होते, की तसा तुकडा आमच्या यंत्रात वाढलाच नसता, आणि वाढला असता तर जेलच्या तोंडाशीच अडकून बसला असता. माझी पट्टी खालचीच्या फक्त बोटभर वर होती. मी हे म्हटलं. सरांनी ऐकल्यासारखं केलं आणि मला पुन्हा हात धुवायला पाठवलं.

मी उलटी प्रत करणारं विकर न टाकता तोच प्रयोग केला. डीएनएची घाण असती तर तरीही पट्टी आली असती. रकाना कोरा आला. मी तो फोटो नेऊन दाखवला. सर म्हणाले, एवढ्याने काही सिद्ध होत नाही, नमुन्यागणिक हात बदलतो. मग हळू आवाजात, अगदी काळजीने, म्हणाले, "घरचं वातावरण बघता, तू जरा जास्तच काळजी घ्यायला हवीस." ओरडणाऱ्या माणसाला निदान उलट ओरडता येतं. काळजीच्या आवाजात घाण म्हणणाऱ्याचं काय करायचं?

आमच्याकडे एक रीत होती. पोलरॉइडवर जेलचा फोटो निघाला की सरांच्या टेबलावर जायचा. टेबलावर एक लांब, चकचकीत कातरी. अपेक्षित पट्टीच्या वर आणि खाली कातरी चालवून एक अरुंद फीत कापायची आणि तीच तक्त्यावर चिकटवायची. बाकीचा फोटो टोपलीत. नेटकं दिसतं, सर म्हणायचे. नवीन आलेला विद्यार्थी ही रीत पहिल्या आठवड्यात शिकायचा, आणि महिन्याभराने त्याला आपण काही कापतो आहोत हे दिसेनासं व्हायचं. भिंतीवरचे सगळे तक्ते म्हणजे एकेक पट्टीच्या रांगाच रांगा. त्या भिंतीसमोर उभं राहिलं की वाटायचं, साऱ्या जगात एका जीनचं एकच प्रथिन असतं.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला सल्लागार समितीपुढे काम मांडायचं होतं. समितीने होकार दिला तर शिष्यवृत्ती पुढे चालू राहणार, नाहीतर बंद. सरांनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं, की दोन पट्ट्यांचा फोटो दाखवलास तर समिती म्हणेल या मुलीला आरएनए हाताळता येत नाही, आणि मी तुझ्यासाठी खोटं बोलणार नाही. कापून आण, मी सही करतो. त्यांनी कातरी माझ्याकडे सरकवली. मुठीकडची बाजू माझ्याकडे, एवढी सभ्यता होती.

घरी गेले. आई-वडिलांना सांगितलं. वडील संपात गप्प राहायला शिकले होते. आई म्हणाली, "खोटा चिकटवन इलंस तर मगे त्याच घाणीत तुका ऱ्हवाक लागतला." मग जरा थांबून, "आणि बंद झाला तर मी आसंय." तिच्या गोणपाटावर किती माणसांचं भागणार होतं हे तिला माझ्याहून चांगलं माहीत होतं. त्यामुळे ते ऐकून मला धीर आला नाही. भीती वाटली, आणि आपल्याला भीती वाटावी अशी वेळ ज्याने आणली त्याचा राग आला.

मी मधल्या दिवसांत एक काम उरकलं. वरची पट्टी जेलमधून कापून घेतली, जीवाणूत वाढवली आणि तिचा क्रम वाचला. खालचीचाही. दोन्हींची सुरुवात सारखी, शेवट सारखा. वरचीत मधे एक तुकडा जास्त होता. इंट्रॉनचा उरलासुरला चोथा असता तर त्यात लवकरच वाक्य तोडणारी खूण आली असती. तशी एकही नव्हती. तो तुकडा एका एक्सॉनच्या बरोबर कडेला सुरू होत होता आणि बरोबर कडेला संपत होता. तीनने भाग जात होता, म्हणजे तो आत असो वा नसो, पुढचं प्रथिन नीट वाचलं जात होतं. एवढी शिस्तशीर घाण मी जन्मात पाहिली नव्हती.

समितीच्या दिवशी मी अख्खा फोटो पडद्यावर लावला. सरांचा चेहरा दगडासारखा झाला. मी बोलत असतानाच त्यांनी सगळ्यांना इंग्रजीत सांगितलं, की उमेदवाराची घरची परिस्थिती वेगळी आहे, घरात मासळी सुकवतात, आणि हाताळणीच्या अडचणी प्रयोगशाळेला ठाऊक आहेत. समितीतले दोघे हसले. मोठ्याने नव्हे, शिष्टाचाराने. तिथे बसलेल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर मला त्या क्षणी तेलाचा थर दिसला.

समितीत बंगलोरहून आलेल्या एक वयस्कर बाई होत्या. जाड भिंगांचा चष्मा, सुती साडी. त्या उठून पडद्याजवळ गेल्या आणि यकृताच्या रकान्यावर बोट ठेवलं. "यकृतात वरची पट्टी का नाही?"

मी म्हणाले, "यकृताचे नमुने त्याच दिवशी, त्याच हातांनी केले आहेत. घाण माझ्या हातात असती तर यकृतातही दिसली असती. आणि हाताची घाण आरएनए खाते. ती पट्टी पुसेल, नवी काढून देणार नाही."

त्या सरांकडे वळल्या. हे नमुने दुसऱ्या कोणाच्या तरी हातून करून घ्या, तुमचा ज्याच्यावर विश्वास असेल त्याच्या, आणि फोटो न कापता मला पाठवा, असं त्यांनी सांगितलं. तोवर निर्णय राखून ठेवला.

सरांचा विश्वास ज्याच्यावर होता तो आमचा सिनियर. दादरला राहायचा, वडील प्राध्यापक, देवघरात त्याचं टेबल अगदी मधोमध. तोही त्याच जीनवर, दुसऱ्या गाठींवर काम करत होता, आणि त्याच्या फिती भिंतीवर सगळ्यात देखण्या होत्या. त्याने माझे नमुने घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात मला गाठलं. आजूबाजूला बघून म्हणाला, "दोन आल्या."

मी म्हटलं, "येणारच."

तो रेलिंगवर नखाने काहीतरी खरवडत राहिला. मग म्हणाला, "तसं मलाही येते. पहिल्यापासूनच येते. मी कापतो."

"मग बोलला का नाहीस?"

"सरांना आवडत नाही. आणि तुझं टेबल बाहेर होतं, म्हणून मला वाटलं, तुझ्याकडे खरंच घाण असेल." तो जरा हसला, आपल्यात असं चालतं या थाटात. "आता फोटो पाठवायचाय ना, मग काय करणार."

मी दोन वर्षं त्या माणसासमोर हात धुतले होते. तो मला साबण सरकवायचा. रोज स्वतःच्या जेलमध्ये तीच पट्टी बघून, कातरीने उडवून, मग येऊन मला साबण सरकवायचा. सरांना निदान खरंच वाटत होतं की मी घाण आहे. याला माहीत होतं की मी नाही. मी जिन्याच्या पायऱ्या उतरून खाली गेले, कारण वर उभी राहिले असते तर त्याच्या अंगावर थुंकले असते.

फोटो गेला. बाईंचं उत्तर आलं आणि माझी शिष्यवृत्ती चालू राहिली. त्यानंतर जे झालं त्याची मला अजूनही जास्त शिसारी आहे. आठवड्याभरात वरची पट्टी सरांची झाली. चहाच्या वेळी ते सगळ्यांना सांगू लागले, की एक जीन एक प्रथिन हे आता जुनं झालं, आपल्याला सुरुवातीपासून शंका होतीच. गाठीतल्या पेशी मदतनीस प्रथिनांचा तोल बदलतात, स्प्लायसोसोम त्या पुसट एक्सॉनला धरून ठेवतं आणि गाठीला वेगळं प्रथिन मिळतं, हे माझ्याच तोंडचं वाक्य ते मलाच समजावून सांगत. शोधनिबंध लिहिला गेला. पहिलं नाव सिनियरचं. दुसरं एका पाहुण्या डॉक्टरचं, ज्याने गाठी दिल्या. तिसरं माझं. देवघरात मला टेबल मिळालं, नळाजवळचं. तक्त्यांवर आता दोन दोन पट्ट्यांच्या फिती लागू लागल्या, आणि टोपलीत काय जात होतं ते पुन्हा कोणी बघत नव्हतं.

एकदा सर सगळ्यांसमोर माझा हात धरून म्हणाले, "Lucky hands! फिशवाले हात!" सगळे हसले. पुढे म्हणाले, आईला सांग, चांगले बोंबील असले तर थोडे पाठव, मिसेसना फार आवडतात. मी आईला सांगितलं नाही. ती पाठवेल याची मला भीती होती. ती देणारी बाई आहे.

माझी पीएचडी झाली. वडील पदवीदानाला आले, नवा शर्ट घालून. आई नाही आली. त्या दिवशी माल उतरायचा होता, असं ती म्हणाली. मी संस्था सोडली आणि एका कॉलेजात शिकवायला लागले. माझ्या प्रयोगशाळेत कातरी नाही. मुलं फोटो अख्खे लावतात, डागांसकट, आणि मी वर्गात पहिला तास त्या डागांवरच घेते.

बऱ्याच वर्षांनी सरांच्या निवृत्तीचं बोलावणं आलं. तोवर लालबागमधल्या गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहायला लागले होते. जायचं नव्हतं. पण ज्यांच्या सहीवर पोट चालतं ते माझे प्राचार्य म्हणाले जा, म्हणून गेले. सरांच्या खोलीत भिंतीवर एक फोटो चौकटीत लावलेला होता. मी लांबूनच ओळखला. माझा समितीपुढे लावलेला फोटो. यकृताच्या रकान्यात एक पट्टी, गाठीच्या रकान्यात दोन, वरची अजून तितकीच रेखीव. शेजारी पितळी पाटीवर लिहिलं होतं, संस्थेतील पहिला पुरावा, आणि खाली सरांचं नाव.

मी चौकटीजवळ गेले. आमच्याकडे फोटोच्या खालच्या पांढऱ्या कडेवर काम करणाऱ्याने पेनने आद्याक्षरं आणि नमुन्यांची नावं लिहायची असत. मी लिहिली होती, निळ्या शाईने. ती कडच नव्हती. कापलेली बाजू अगदी सरळ होती. कातरी चांगली चालवली होती.

सर मागून आले. आता केस पांढरे झालेले, आवाज तोच काळजीचा. "ओळखलंस? आपलं काम," ते म्हणाले आणि हात पुढे केला. माणसं बघत होती. मी हात मिळवला.

मग मी बाहेर कॉरिडॉरमध्ये आले. ऑटोक्लेव्हच्या शेजारी माझं टेबल जिथे होतं तिथे आता कुंड्या होत्या, पण नळ तोच होता. मी साबण लावून हात धुतले. आणि मग, कोणीही सांगितलेलं नसताना, पुन्हा एकदा धुतले.